आधी तास, मग व्हिडिओ

‘फ्लिप्ड क्लासरूम’ हा शब्द शिक्षकांच्या प्रशिक्षणांतून आणि शाळांच्या माहितीपत्रकांतून इतका फिरला आहे, की त्याचा अर्थ आता एका ओळीत उरकला जातो : मुलांनी व्हिडिओ घरी पाहायचा आणि गृहपाठ वर्गात करायचा. ही व्याख्या खोटी नाही, पण उथळ आहे. तिच्या भरवशावर पाठाची आखणी करायला बसलेला शिक्षक पहिल्याच पायरीवर चुकतो, कारण तो सगळ्यात आधी व्हिडिओच्या मागे लागतो. चांगला व्हिडिओ मिळाला किंवा जमला की निम्मं काम झालं असं त्याला वाटतं. उरलेलं निम्मं, म्हणजे वर्गातली पस्तीस मिनिटं, मग आयत्या वेळी सुचेल तशी भरली जातात.

माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. अशा पाठात व्हिडिओ हा सर्वांत शेवटी करायचा भाग आहे. आधी तासाला सोडवायचा प्रश्न ठरला पाहिजे. त्या प्रश्नाला हात घालण्यापुरतं मुलांना काय ठाऊक असावं लागेल, ते त्यानंतर ठरतं आणि तेवढंच व्हिडिओत जातं. या दोहोंच्या मध्ये एक छोटी लेखी चिठ्ठी असते. ती नसेल, तर व्हिडिओ आणि तास यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही.

हे हवेत बोलण्याऐवजी एक पाठ घेऊन दाखवतो : आठवीच्या विज्ञानातला ध्वनीचा धडा, त्यातही तारेचा स्वर कशाने बदलतो एवढाच भाग. गाव मिरज. इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तानपुरे घडतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हा व्यवसाय उचलला आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीतून रोज शाळेला जाणाऱ्या मुलांना तारेचा स्वर पाठ्यपुस्तकातल्या आकृतीवरूनच शिकवला जावा, हे मला पटत नाही.

1. नक्की काय उलटतं?

जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, वुडलंड पार्कच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत. 2007 मध्ये त्यांनी आपले तास ध्वनिचित्रित करायला सुरुवात केली, ती गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की मुलांना शिक्षक समोर हवा असतो तो अडल्यावर, आणि अडायला होतं ते गृहपाठ करताना, म्हणजे शिक्षक नसतो तेव्हा. म्हणून त्यांनी ऐकण्याचं काम घरी पाठवलं आणि अडण्याचं काम वर्गात आणलं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर 1990 नंतरच्या दशकात हेच करत होते, आणि तेही व्हिडिओशिवाय. त्यांचे विद्यार्थी पुस्तकातलं प्रकरण आधी वाचून येत.

तेव्हा उलटते ती जागा नव्हे. शिक्षकाचा आणि सोबत्यांचा सहवास कुठे खर्च करायचा, हे उलटतं. याला एक भक्कम पुरावा आहे. 2015 मध्ये जेन्सन, कुमर आणि गोडॉय यांनी जीवशास्त्राच्या एकाच अभ्यासक्रमाच्या दोन वर्गांची तुलना केली. एका वर्गाने आशय घरी पाहिला आणि वर्गात तो वापरला. दुसऱ्याने आशय वर्गातच घेतला आणि वापर नंतर केला. करून शिकण्याच्या कृती दोघांनाही सारख्याच होत्या, आणि निकालात फरक पडला नाही. अभ्यासकांचा निष्कर्ष असा, की फायदा होत असेल तर तो उलटण्याचा नसावा, मुलांनी स्वतः डोकं चालवण्याचा असावा.

मला हा निष्कर्ष निराश करणारा वाटत नाही. आखणीचा क्रम तो आपल्या हातात देतो. फायदा वर्गातल्या कृतीतून येत असेल, तर आखणीची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी. आशय घरी पाठवायचा तो एवढ्याचसाठी, की पस्तीस मिनिटांच्या तासिकेत एरवी न मावणारी कृती मावावी.

2. प्रश्न कसा निवडायचा

वर्गातला प्रश्न असा हवा, की तो एकट्याने घरी बसून सुटू नये, पण सहा जणांनी हात लावला तर सुटावा. त्याचं चुकीचं उत्तर बरोबर उत्तराइतकंच पटण्यासारखंही हवं.

तारेच्या बाबतीत असा प्रश्न तानपुऱ्यातच बसलेला आहे. तानपुऱ्याला चार तारा असतात : पंचम, जोडीच्या दोन आणि खर्ज. घोडीपासून मेरूपर्यंत चारही तारांची लांबी जवळजवळ सारखी. तरी पुरुषी आवाजाच्या तानपुऱ्यात जोडी साधारण 140 हर्ट्झला लावली, तर पंचम 105 ला आणि खर्ज 70 ला बोलते. लांबी सारखी असताना स्वर वेगळे कसे?

हा प्रश्न चांगला आहे, कारण तो मुलांच्या मनात घट्ट बसलेल्या एका समजुतीवर बोट ठेवतो. लांब तार म्हणजे खालचा स्वर आणि आखूड तार म्हणजे वरचा, हे मुलांना लवकर कळतं. ते खरंही आहे, पण पुरेसं नाही. ताण आणि तारेचा जाडपणा ही दोन कारणं त्या अर्ध्या सत्याच्या आड लपून राहतात.

दुसरी समजूत आपल्या भाषेतूनच येते. ‘आवाज चढवू नकोस’, ‘तो वरच्या पट्टीत बोलला’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आवाजाच्या मोठेपणाबद्दल बोलत असतो. पट्टी मात्र स्वराच्या उंचीची असते. म्हणून तार जोरात छेडली की स्वर चढतो, असं मूल सहज म्हणतं. पाठ्यपुस्तकातले शब्द वापरायचे तर ते आयाम आणि वारंवारिता यांची गल्लत करत असतं. ही गल्लत आधी सुटली नाही, तर तानपुऱ्याच्या प्रश्नावरची चर्चा भरकटते. त्यामुळे व्हिडिओने करायचं पहिलं काम इथेच ठरलं.

3. व्हिडिओत काय सांगायचं नाही

प्रश्न ठरला की व्हिडिओची यादी लहान होते. त्यात तीनच गोष्टी याव्यात : वारंवारिता म्हणजे काय, जोरात छेडल्याने ती बदलत नाही, आणि लांबी निम्मी केली की ती दुप्पट होते. ताण आणि जाडी यांच्याबद्दल व्हिडिओने अवाक्षर काढू नये, कारण तेच तासाला शोधायचं आहे.

हे वगळणं शिक्षकाला जड जातं, आणि बहुतेक व्हिडिओ नेमके इथेच बिघडतात. पूर्ण धडा एकदाचा सांगून टाकावा असा मोह होतो. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवर मिळणाऱ्या तयार व्हिडिओंमध्येही पुष्कळदा पूर्ण घटक गुंफलेला असतो. उजळणीसाठी ते योग्य आहे. तासाआधी दिलं, तर उत्तर आधीच फुटतं आणि मुलं वर्गात ठाऊक असलेलं पुन्हा सिद्ध करत बसतात. तयार व्हिडिओ वापरायचाच असेल, तर ‘दुसऱ्या मिनिटापासून सहाव्या मिनिटापर्यंत’ असं स्पष्ट लिहून द्यावं.

मिरजेतल्या शिक्षकाला आणखी एक मोह होईल, तो जवारीचा. घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवलेला दोरा, त्याने उमलणारा नाद, सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये अशा भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेला शोधनिबंध. विषय अतिशय सुंदर आहे. या व्हिडिओत त्याला जागा नाही.

लांबी सहा मिनिटं. हा आकडा माझा नाही. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एडएक्सवरच्या अभ्यासक्रमांचे लाखो पाहण्याचे प्रसंग तपासले, तेव्हा सहा मिनिटांनंतर प्रेक्षकांचं टिकणं झपाट्याने घसरताना दिसलं. ती प्रौढ, स्वतःहून शिकायला आलेली माणसं होती. तेरा वर्षांच्या मुलाकडून जास्त अपेक्षा धरू नये. माझा पहिला व्हिडिओ बावीस मिनिटांचा होता. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, तेव्हा सुरुवातीच्या पाच-सहा मिनिटांपलीकडचं कुणाला काही सांगता आलं नाही.

सहा मिनिटांची मांडणी अशी करता येते. पहिली दीड मिनिटं टेबलाच्या कडेवर दाबून धरलेली स्टीलची फूटपट्टी. बरीचशी बाहेर काढली, तर तिची कंपनं डोळ्यांना दिसतात. आत घेत गेलं, की ती दिसेनाशी होतात आणि ऐकू येऊ लागतात. ‘सेकंदाला किती कंपनं’ हा अर्थ इथे शब्दांआधी डोळ्यांना कळतो. त्यानंतर फळीवर ताणलेली एक तार आणि शेजारी स्वर मोजणारं ॲप उघडलेला फोन. तार हलकेच छेडायची. मग पडद्यावर पाटी : ‘आता जोरात छेडणार आहे. आकडा वाढेल, कमी होईल की तसाच राहील? व्हिडिओ थांबवा, वहीत लिहा.’ शेवटी तारेखाली बरोबर मध्यावर लाकडाचा तुकडा सरकवायचा आणि आकडा 140 वरून 280 च्या आसपास गेलेला दाखवायचा.

थांबण्याची ही जागा शोभेसाठी नाही. आयआयटी मुंबईत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी जी पद्धत बसवली, तिच्यात व्हिडिओच्या मधोमध असे विचार करण्याचे थांबे मुद्दाम ठेवलेले असतात. आधी अंदाज बांधला, तर पुढे दिसणारा आकडा उत्तर म्हणून पोचतो. अंदाज नसेल, तर तो नुसता आकडा राहतो.

4. मधली चिठ्ठी

आता सगळ्यांत दुर्लक्षित भाग. मुलांनी व्हिडिओ पाहिला का, हे विचारण्यात अर्थ नाही. पाहून त्यांच्या डोक्यात काय तयार झालं, ते तास सुरू होण्याआधी शिक्षकाला कळलं पाहिजे. त्यासाठी पाव कागदाची चिठ्ठी आणि तीन प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न : ‘आजी म्हणते, आवाज चढवून बोलू नकोस. नातवाच्या आवाजातलं नक्की काय कमी व्हावं असं आजीला वाटतं, वारंवारिता की आयाम? कशावरून?’ याचं उत्तर व्हिडिओतून उतरवून काढता येत नाही. एखादी मुलगी असंही लिहील, की ओरडताना आवाज मोठा होतो तसा बारीकही होतो. तिचं निरीक्षण अचूक आहे. माणूस ओरडतो तेव्हा स्वरतंतूंवरचा ताणही वाढतो. ती चिठ्ठी बाजूला ठेवावी, कारण ताणाचा मुद्दा तिने शिक्षकाच्या आधी वर्गात आणला आहे.

दुसरा : ‘60 सेंटिमीटर लांबीची तार 140 हर्ट्झला वाजते. ताण न बदलता लांबी 20 सेंटिमीटर केली तर किती?’ व्हिडिओत लांबी निम्मी केली होती, इथे एक तृतीयांश केली आहे. बरोबर उत्तर 420. पण जास्त उपयोगाची असतात ती चुकीची उत्तरं. ज्याने 280 लिहिलं, त्याने ‘कमी केली की दुप्पट’ एवढंच पाठ केलं. ज्याने 46 किंवा 47 लिहिलं, त्याला लांबीबरोबर वारंवारिताही घटते असं वाटतं, म्हणजे व्हिडिओतली मुख्य गोष्टच त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. ज्याने 140 लिहिलं, त्याचं छेडण्याचं प्रकरण आणि लांबीचं प्रकरण एकमेकांत मिसळलं.

तिसरा : ‘कुठे अडलं, ते एका वाक्यात.’

चिठ्ठ्या परिपाठाच्या वेळी गोळा करायच्या आणि विज्ञानाचा तास चौथा किंवा पाचवा असेल असं पाहायचं. तास पहिलाच असेल, तर चिठ्ठी आदल्या दिवशी घ्यावी लागते, नाहीतर ती वाचून होत नाही. गुण द्यायचे नाहीत. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरानुसार गठ्ठे लावायचे. अठ्ठेचाळीस चिठ्ठ्यांना दहा-बारा मिनिटं लागतात.

समजा 26 जणांचं उत्तर 420 आलं, 11 जणांचं 280, सहा जणांचं 46 च्या आसपास आणि पाच चिठ्ठ्या कोऱ्या. म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक मुलं बरोबर. मझूर यांचा ठोकताळा असा, की बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान असतील, तर मुलांना आपसांत बोलू द्यावं. त्याहून कमी असतील, तर बोलून उपयोग नाही, कारण सांगू शकणारंच कुणी नसतं. तेव्हा शिक्षकाने वेगळ्या मार्गाने समजावावं. सत्तरच्या वर गेली, तर दोन वाक्यांत आटोपून पुढे जावं. चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांनी तासाची पहिली दहा मिनिटं ठरवली, ती अशी.

5. पस्तीस मिनिटं

तासाच्या सुरुवातीला व्हिडिओची उजळणी करायची नाही. हा नियम मी कडक पाळावा असं म्हणेन. एकदा उजळणी केली, की घरी पाहण्याची गरज नाही हे मुलांना कळतं, आणि पुढच्या व्हिडिओच्या वेळी ती तसं वागतात.

थेट दुसरा प्रश्न फळ्यावर लिहायचा, खाली 420, 280 आणि 47. प्रत्येकाने छातीशी बोटं धरून मत द्यायचं, म्हणजे शेजाऱ्याचं पाहून बोट वळत नाही. दोन मिनिटं शेजारच्याशी बोलणं, मग पुन्हा मत. नंतर शिक्षकाने फळीवरच्या तारेखालचा लाकडाचा तुकडा सरकवून आकडा दाखवायचा. दहा मिनिटं.

पुढची पंधरा-सोळा मिनिटं गटाची, आणि हाच पाठाचा गाभा आहे. इथे साहित्याची निवड चुकली, तर बाकीची आखणी वाया जाते. पहिल्यांदा सुचतात ते रबर बँड. ते टाळावेत. रबर ताणला की ताण वाढतो, लांबीही वाढते आणि रबर पातळही होतो. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्याने स्वर फारसा हलत नाही. मग मुलं प्रामाणिकपणे लिहितात, की ताणाने काही फरक पडत नाही. स्टीलची तार स्वराला उत्तम, पण तुटून डोळ्याला लागू शकते. मासे पकडण्याच्या गळाला लावतात ती तंगूस मला सर्वांत सोयीची वाटते. ती 0.4 आणि 0.8 मिलिमीटर अशा दोन जाडींची घ्यावी.

आठ गट, प्रत्येकी सहा मुलं. तंगुसाचं एक टोक बाकाला पक्कं बांधायचं. बाकावर 50 सेंटिमीटर अंतराने दोन गोल पेन्सिली ठेवून त्यांच्यावरून ती न्यायची आणि कडेवरून खाली सोडलेल्या टोकाला दोन लिटरची प्लास्टिकची बाटली टांगायची. पातळ तंगुसाच्या बाटलीत 400 मिलिलिटर पाणी. शेजारी तशीच जाड तंगूस, तिची बाटली रिकामी. काम एकच : जाड तंगुसाच्या बाटलीत थोडं थोडं पाणी ओतत जायचं आणि दोन्हींचा स्वर जुळवायचा. ओतण्याआधी किती पाणी लागेल याचा अंदाज प्रत्येकाने लिहायचा. पहिला अंदाज बहुधा 800 चा येतो, कारण जाडी दुप्पट आहे.

हिशोब पाहा. व्यास दुप्पट झाला, की तेवढ्याच लांबीच्या दोऱ्याचं वजन चौपट होतं. वजन चौपट, तर तोच स्वर मिळवायला ताणही चौपट लागतो. म्हणजे उत्तर 1600 मिलिलिटरच्या आसपास यायला हवं. बाटलीचं स्वतःचं वजन आणि पेन्सिलीवरचं घर्षण यांमुळे गट दीड ते दोन लिटरच्या मध्ये कुठेतरी थांबतात. ते चालेल. 800 आणि 1600 यांतला फरक दिसला, की काम झालं. आठवीत सूत्र द्यायची गरज नाही.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. आठही गट एकदम छेडायला लागले, की कुणालाच काही ऐकू येत नाही. त्यावर उपाय साधा आहे. कान बाकाच्या फळीला लावायचा. लाकडातून स्वर स्पष्ट येतो आणि ध्वनी घन पदार्थातून जातो हेही आपोआप पदरात पडतं.

दुसरा बिघाड सूक्ष्म आहे आणि तो ओळखता आला पाहिजे. एखादा गट चौथ्या मिनिटालाच ‘जुळलं’ म्हणून हात वर करतो. पाहावं तर पाणी 400 मिलिलिटरच, दोन्हींकडे सारखं. त्यांनी निष्काळजीपणा केलेला नसतो. ताण सारखा ठेवला, की जाड तंगूस बरोबर निम्म्या वारंवारितेला बोलते, म्हणजे एक सप्तक खाली. सा आणि खालचा सा एकमेकांत मिसळतात, म्हणून तो जुळल्यासारखा वाटतो. पण या गटाचा निष्कर्ष ‘जाडीने फरक पडत नाही’ असा होऊन बसतो. शिक्षकाने चूक सांगू नये. दोन्ही दोरे एकामागून एक छेडायला लावावेत आणि गटातल्या कुणाला तरी दोन्ही स्वर गुणगुणायला सांगावं. गळा खाली उतरतो, तेव्हा उत्तर मिळतं.

शेवटची आठ-नऊ मिनिटं तानपुरा वर्गात आणून. शाळेत नसेल, तर मिरजेत तो तासाभरासाठी मिळणं अवघड नाही. चारही तारा छेडून दाखवायच्या, लांबी पट्टीने मोजून दाखवायची, खुंटी आणि मणी कुठे आहेत एवढंच सांगायचं आणि मुख्य प्रश्न विचारायचा : लांबी सारखी, मग खर्ज खाली का? या वेळी चर्चा नाही. प्रत्येकाने एकट्याने दोन-तीन ओळी लिहून वही द्यायची.

6. आक्षेप

*‘प्रत्येकाकडे फोन कुठे आहे?’* हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. 2024 च्या असर अहवालानुसार ग्रामीण भारतात 14 ते 16 वयोगटातल्या जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन मुलग्यांत सुमारे 36 टक्क्यांकडे आणि मुलींत सुमारे 27 टक्क्यांकडेच. म्हणजे घरातला फोन बहुधा दुसऱ्याचा असतो. वडिलांचा फोन त्यांच्याबरोबर कुपवाडच्या एमआयडीसीत जातो आणि रात्री परततो, तेव्हा भावंडं रांगेत असतात. म्हणून व्हिडिओ एका नव्हे, दोन संध्याकाळी आधी द्यावा. कमी दर्जात साठवून फाइल हलकी ठेवावी, म्हणजे ती ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्यावर जाईल. मधल्या सुट्टीत शाळेच्या संगणकावर ती दोनदा लावावी. ‘घरी’ ही अट नाहीच, ‘तासाआधी’ ही अट आहे.

तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत सेटरेन आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून वर्ग निवडले आणि या पद्धतीची परीक्षा घेतली. गणितात तात्पुरता फायदा दिसला, अर्थशास्त्रात दिसला नाही, आणि आधीपासून पुढे असलेल्या व मागे असलेल्या विद्यार्थ्यांमधलं अंतर वाढलं. तिथे साधनांची वाण नव्हती. तेव्हा फोन पुरवले की प्रश्न मिटला, असं समजू नये. एकट्याने पाहून समजून घेण्याची सवय हीसुद्धा असमान वाटलेली असते. म्हणून चिठ्ठीत 47 लिहिणारी सहा मुलं वेगवेगळ्या गटांत बसवावीत आणि शिक्षकाने पहिली पाच मिनिटं त्यांच्याजवळ काढावीत. हे न करणाऱ्याने हा पाठ उलटू नये, असंच मी म्हणेन.

*‘जी मुलं पाहूनच येत नाहीत त्यांचं काय?’* त्यांच्यासाठी वर्ग थांबवायचा नाही आणि त्यांना बाहेरही काढायचं नाही. मतदानाची पहिली दहा मिनिटं त्या पाच जणांनी मागच्या बाकावर शाळेच्या टॅबवर व्हिडिओ पाहावा, चिठ्ठी भरावी आणि गटाच्या कामाला सगळ्यांत यावं. चिठ्ठीवर सही आणि शिक्षा आली, की चिठ्ठ्या उतरवून काढल्या जातात. ते ओळखणं सोपं आहे : तिसऱ्या प्रश्नाला चार जणांचं अडणं शब्दशः एकच असतं.

*‘पुस्तक वाचून या म्हटलं तर चालणार नाही का?’* पुष्कळदा चालेल. इतिहासातल्या एखाद्या पत्राचा अर्थ लावायचा असेल, तर कागदच चांगला, कारण मुलाला मागे जाऊन ओळ पुन्हा वाचता येते. व्हिडिओ हवा तो हालचाल दाखवायची असेल तिथे. फूटपट्टीची कंपनं छापील आकृतीत थरथरत नाहीत, एवढंच त्याचं समर्थन आहे.

*‘एवढं करायला वेळ कुणाकडे आहे?’* सहा मिनिटांच्या पहिल्या व्हिडिओला संहितेसकट एक अख्खी सुट्टी जाते, साहित्य जमवायला आणखी एक संध्याकाळ. म्हणून वर्षात असे चार-पाच पाठ पुरेत. ज्या धड्यात मुलांची चूक दरवर्षी तीच असते, तोच धडा निवडावा. जिथे नवी परिभाषा बोलत बोलत, उदाहरणं देत रुजवावी लागते, तिथे समोरासमोरचं शिकवणंच बरं. मुलांच्या संध्याकाळी आधीच शिकवणीने भरलेल्या आहेत हेही विसरू नये. व्हिडिओ दिला, त्या दिवशी विज्ञानाचा दुसरा गृहपाठ नको.

7. तास संपल्यावर

वह्या घरी नेऊन वाचताना ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असे दोनच ढीग पडणार नाहीत. बऱ्याच वह्यांत ‘खर्जाची तार जाड आहे म्हणून’ असं असेल. काहींत ‘खर्जाची तार सैल आहे म्हणून’ असेल, आणि या वह्यांवर जरा थांबायला हवं. हे उत्तर चूक नाही. ताण कमी केला की स्वर उतरतो, हे त्यांनी बाटलीवर स्वतः पाहिलं आहे. मग मिरजेचे कारागीर चारही तारा एकाच जाडीच्या घेऊन एक नुसती सैल का सोडत नाहीत?

त्याचं उत्तर पुढच्या तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत देता येतं, आणि त्यासाठी व्हिडिओ लागत नाही. तानपुरा पुन्हा समोर ठेवायचा. जोडीच्या एका तारेची खुंटी हळूहळू उलटी फिरवत आणायची, 140 वरून 70 पर्यंत. तिथे पोचताना ताण चौथ्या हिश्शावर आलेला असतो. आकडा खर्जाचा येतो, पण तार घोडीवर लोळते आणि तिचा नाद विझतो. लगेच शेजारची पितळी खर्ज छेडायची. जाड तार कशासाठी, हे मुलांनी त्यानंतर वहीत लिहावं.